मृत्युपत्राला पुरवणी : केव्हा लागते, केव्हा लागत नाही



आपल्या समाजात आता मृत्युपत्रे होऊ लागली आहेत. नोकरीतून निवृत्त झालेला शिक्षक, एस.टी.तला कंडक्टर, सोयाबीन-तुरीचे दोन एकर राखून असलेला शेतकरी, कुणी ना कुणी वाशिम, रिसोड किंवा कारंज्याच्या रजिस्ट्री ऑफिसात जाऊन कागद करून येतो. कागद पत्र्याच्या पेटीत जातो आणि माणूस निश्चिंत होतो. पण पेटीतला कागद जागच्या जागी राहतो आणि घर मात्र बदलत जाते. कुणी वारते, कुणाला अडचण येते, एखादे शेत विकले जाते. मग पाच-सात वर्षांनी पेटी उघडली जाते आणि घरातलाच कुणी म्हणतो, "एवढासा तर बदल आहे, पेनाने दुरुस्त करून सही ठोका." या पेनाच्या दुरुस्तीविषयी आणि तिच्याऐवजी करावयाच्या पुरवणीविषयी या लेखात सांगायचे आहे.

पुरवणी म्हणजे इंग्रजी कायद्यातले कोडिसिल. सरकारी भाषेत त्याला क्रोडपत्र असाही शब्द आहे, पण आपल्याकडचे दस्तलेखक पुरवणी मृत्युपत्र म्हणतात, तेच आपण वापरू. मूळ मृत्युपत्रातील एखाद्या गोष्टीचा खुलासा करणारा, ती बदलणारा किंवा तिच्यात भर घालणारा वेगळा कागद म्हणजे पुरवणी. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ प्रमाणे ती मूळ मृत्युपत्राचाच भाग समजली जाते. या कायद्याच्या ५७ व्या कलमात हिंदू, शीख, जैन यांच्याबरोबर 'बौद्ध' हा शब्द स्वतंत्र लिहिलेला आहे. तेव्हा आपल्याला कोणता कायदा लागू, असा प्रश्न विचारणाऱ्यांनी हे कलम दाखवावे.

आता एक उदाहरण घेऊ. ते समजुतीसाठी रचलेले आहे, पण यातली एकेक अडचण आपल्या जिल्ह्यातल्या घरांत सापडेल अशीच आहे.

मालेगाव तालुक्यातील एक आजोबा. त्यांनी २०१६ साली मृत्युपत्र करून ते नोंदवले. मालमत्ता सगळी स्वकष्टाची. दोन एकर शेत दोन मुलांना निम्मे-निम्मे, म्हणजे एकेक एकर. दोन खोल्यांचे घर पत्नीला. ग्रामीण बँकेतील मुदत ठेव, तीही पत्नीला. मुलीला रोख ५०,००० रुपये. पुढे २०२१ साली थोरला मुलगा करोनाने गेला. मागे सून आणि दोन लेकरे राहिली. मुलीच्या घरी अडचण आली, तिला ५०,००० ऐवजी एक लाख द्यावेत असे आजोबांच्या मनात आले. आणि २०२५ साली बँकेचे नावच बदलले. १ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, त्यामुळे मृत्युपत्रात लिहिलेली बँक आता त्या नावाने उरलेली नाही.

म्हणजे तीन बदल. तिन्ही दिसायला छोटे. पण कायद्याच्या नजरेत तिन्हींची जात वेगवेगळी आहे.

आजोबांनी पहिल्यांदा काय करायचे मनात आणले ते पाहा. मृत्युपत्राच्या कागदावर ५०,००० वर आडवी रेघ मारायची, वर १,००,००० लिहायचे आणि बाजूला सही करायची. कायद्याचे ७१ वे कलम अशा खाडाखोडीला किंमत देत नाही. मृत्युपत्र पूर्ण झाल्यावर त्यात केलेली दुरुस्ती मृत्युपत्राप्रमाणेच, म्हणजे दोन साक्षीदारांसह झाली तरच चालते. नुसत्या स्वतःच्या सहीने एक लाख होत नाहीत, ५०,००० च राहतात. त्याहून वाईट पुढे आहे. रेघ इतकी गिरवली की खालचा आकडा वाचताच येईना, तर वाचता न येणारा तेवढा मजकूर गेला असे धरले जाते. मग मुलीचे एक लाखही नाहीत आणि ५०,००० ही नाहीत, अशी पाळी येऊ शकते. बापाने लेकीचे भले करायला पेन उचलावे आणि त्याच पेनाने तिचे नाव पुसावे, असा हा प्रकार.

दुरुस्ती त्याच कागदावर करायची सोय कायद्यात मुळीच नाही असे नाही. दुरुस्तीच्या शेजारी समासात किंवा त्या दुरुस्तीचा उल्लेख करणाऱ्या टिपेखाली लिहून ठेवणाराची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या तर ती चालते. पण माझे मत विचाराल तर नोंदलेल्या मृत्युपत्राला हा मार्ग धरू नये. रजिस्ट्री ऑफिसच्या पुस्तकात नक्कल आहे ५०,००० ची, घरच्या कागदावर आहेत एक लाख, आणि समासातल्या सह्या कधीच्या हे सांगायला कुणी नाही. भांडणाला एवढे पुरते. साक्षीदार बोलवायचेच आहेत तर कोरा कागद घेऊन पुरवणी का करू नये?

आता तीन बदल एकेक करून पाहू.

बँकेच्या नावासाठी पुरवणी लागत नाही. ठेव तीच आहे, बँकेची पाटी बदलली आहे. मृत्युपत्रात लिहिलेली वस्तू कोणती हे ओळखता आले की नावातील फरकाने देणे बुडत नाही. मुलीचे लग्नानंतरचे आडनाव, ग्रामपंचायतीने बदललेला घर क्रमांक, पत्नीच्या नावातील स्पेलिंगचा फरक, यांनाही तोच नियम. बँकेच्या विलीनीकरणाचे पत्र किंवा नवे पासबुक मृत्युपत्राबरोबर ठेवले की काम भागते. अशा गोष्टींसाठी शे-पाचशे रुपये आणि दिवसाची मजुरी घालवू नये.

पण ठेव मोडली असेल तर गोष्ट वेगळी. आजोबांनी ती ठेव मोडून पैसे पोस्टात टाकले, तर "ग्रामीण बँकेतील मुदत ठेव" ही वस्तूच उरली नाही. मृत्युपत्रात नेमकी वस्तू दिली असेल आणि मरणसमयी ती आपल्या मालकीत नसेल, तर ते देणे संपते. पोस्टातले पैसे आपोआप पत्नीकडे जात नाहीत. मृत्युपत्रात "बाकी सर्व मालमत्ता" कुणाला दिली असेल तर त्याला जातात, नाहीतर सगळ्या वारसांत वाटले जातात. शेताचेही तसेच आहे. समृद्धी महामार्गासाठी आपल्या जिल्ह्यात कित्येकांनी शेत थेट खरेदीने दिले. ज्याच्या मृत्युपत्रात तो गट नंबर धाकट्याला लिहिलेला होता आणि ज्याने खरेदीनंतर मृत्युपत्राकडे पाहिलेच नाही, त्याच्या धाकट्याला त्या ओळीतून काही मिळत नाही. मोबदल्याच्या रकमेवर ती ओळ आपोआप लागू होत नाही. अशा वेळी पुरवणी लागते. मुलीच्या ५०,००० ना ही भीती नाही, कारण ती कुठल्या एका ठेवीतून द्यायची असे लिहिलेले नाही. असलेल्या पैशातून ती द्यायची आहे.

दुसरा बदल मुलीच्या रकमेचा. याला पुरवणी लागतेच. पण ती लिहिताना एका शब्दावर सगळे अडते. आजोबांनी पुरवणीत "माझ्या मुलीस एक लाख रुपये द्यावेत" एवढेच लिहिले तर मुलीला किती मिळतील? वाचकांपैकी बहुतेक एक लाख म्हणतील. कायद्याचे १०१ वे कलम सांगते की एकाच माणसाला एक रक्कम मृत्युपत्राने आणि दुसरी पुरवणीने दिली असेल, आणि वेगळा हेतू दिसत नसेल, तर त्याला दोन्ही मिळतात. म्हणजे दीड लाख. आजोबांच्या पेटीत तेवढे पैसे नसले तर धाकटा मुलगा आणि मुलगी यांची तोंडे एकमेकांविरुद्ध झालीच म्हणून समजा. म्हणून "५०,००० रुपयांऐवजी एकूण एक लाख रुपये" असे लिहावे. 'ऐवजी' आणि 'एकूण' हे दोन शब्द विसरू नयेत. आणि खरोखरच वाढवून द्यायचे असेल तर "त्याशिवाय आणखी" असे स्पष्ट लिहावे.

तिसरा बदल सर्वांत नाजूक, थोरल्या मुलाच्या एकराचा. गावात अशा वेळी सुनेला सांगितले जाते, "नवराच आधी गेला, आता मृत्युपत्रातले त्याचे नाव बाद." हे खरे नाही. ज्याला दिले तो आधी मेला तर देणे बुडते हा सर्वसाधारण नियम आहे. पण तो लिहून ठेवणाराचा मुलगा, मुलगी किंवा नातवंड असेल आणि त्याची लेकरे मागे असतील, तर १०९ व्या कलमाप्रमाणे देणे बुडत नाही. तो मुलगा बापाच्या लगेच नंतर वारला असे समजून त्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. थोरल्याचे वारस कोण? हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ आपल्यालाही लागू आहे, त्याप्रमाणे पत्नी, दोन लेकरे आणि आई. चौघांना सारखे. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे प्रत्येकी दहा गुंठे.

दोन लेकरांचे आणि सुनेचे मिळून तीस गुंठे, सासूचे दहा. सासू मायाळू असेल तर काही अडत नाही. पण सासूच्या दहा गुंठ्यांवर पुढे धाकटा मुलगा आणि मुलगी यांचाही वारसा लागतो, आणि मोलमजुरी करून लेकरे शिकवणाऱ्या बाईला फेरफाराच्या प्रत्येक कागदासाठी चौघांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. आजोबांना पूर्ण एकर सुनेच्या नावाने व्हावे असे वाटत असेल तर पुरवणी लागते. नातवंडांनाच द्यायचे असेल, सुनेने सांभाळायचे असेल, तरीही लागते. काही न लिहिता गेले तर कायदा आपल्या पद्धतीने चार वाटे करील. थोरल्याला लेकरे नसती तर मात्र तो एकर त्याच्याकडून बुडाला असता आणि सुनेच्या हाती मृत्युपत्रातून काहीच आले नसते. निपुत्रिक विधवा सुनेच्या सासऱ्याने तर एक दिवसही थांबू नये.

आजोबांची पुरवणी अशी होईल. नावे, तारखा आपापल्या घालाव्यात :

"मी अमुक, वय इतके, राहणार अमुक, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम. माझे दिनांक अमुक रोजीचे मृत्युपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात अमुक अनुक्रमांकाने नोंदलेले आहे. त्या मृत्युपत्राला मी ही पहिली पुरवणी स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवीत आहे. परिच्छेद २ मध्ये माझ्या थोरल्या मुलास दिलेले एक एकर शेत, तो मयत झाल्यामुळे, त्याच्याऐवजी त्याची पत्नी अमुक हिला पूर्ण मालकीने मिळावे. परिच्छेद ४ मध्ये माझ्या मुलीस दिलेल्या ५०,००० रुपयांऐवजी तिला एकूण १,००,००० रुपये मिळावेत. या दोन बदलांखेरीज माझे मूळ मृत्युपत्र जसेच्या तसे कायम आहे."

खाली तारीख, आजोबांची सही किंवा अंगठा, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या.

शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे. काही टंकलेखकांकडे मृत्युपत्राचा एक तयार नमुना असतो आणि त्यात "यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे मी रद्द करीत आहे" ही ओळ असते. नवे मृत्युपत्र करताना ती योग्यच आहे. पण तोच नमुना पुरवणीला वापरला आणि ती ओळ तशीच राहिली, तर मूळ मृत्युपत्र मोडीत निघते. मग पुरवणीतला एक एकर आणि एक लाख एवढेच लिहिलेले उरते. घर, ठेव, धाकट्याचा एकर यांना मृत्युपत्रच नाही, ते सगळ्या वारसांत वाटायचे. ज्या पत्नीला अख्खे घर द्यायचे होते तिच्या वाट्याला घराचा तुकडा येतो. टाईप झालेला कागद सही करण्यापूर्वी दुसऱ्या कुणाकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि ही ओळ कान देऊन ऐकावी.

पुरवणी गोंधळाची झाली की पैसेवाल्यांचीही सुटका नसते. उद्योगपती रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजी वारले. त्यांच्या मृत्युपत्राला चार पुरवण्या होत्या. चौथ्या पुरवणीमुळे मृत्युपत्रात न लिहिलेले शेअर नेमके कुणाला जातात, हा प्रश्न उभा राहिला. मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्यांच्याकडे सोपवली होती त्यांनाच मुंबई उच्च न्यायालयात जाऊन अर्थ विचारावा लागला. जून २०२५ मध्ये न्यायालयाने ते शेअर त्यांच्या नावाच्या दोन धर्मादाय संस्थांना निम्मे-निम्मे जातील असे सांगितले. त्यांच्याकडे मोठमोठे वकील होते. आपण मात्र पहिली पुरवणी करावी, फार तर दुसरी. तिसऱ्यांदा बदल करायची वेळ आली तर सरळ नवे मृत्युपत्र करावे, आणि जुने सगळे रद्द ही ओळ त्यात आवर्जून घालावी. घरातली वाटणीच मुळापासून बदलायची असेल तर पहिल्याच वेळी नवे मृत्युपत्र करणे सोपे आणि स्वस्त.

साक्षीदारांविषयी थोडे. पुरवणीला मूळ मृत्युपत्राइतकेच नियम लागतात, यात सूट नाही. दोन साक्षीदार हवेत. प्रत्येकाने आजोबांना सही करताना पाहिलेले असावे, किंवा "ही सही माझीच" असे आजोबांनी त्याला स्वतः सांगितलेले असावे, आणि त्याने आजोबांसमोर सही केलेली असावी. दोघे एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असे नाही. पूर्वीचेच साक्षीदार हवेत असेही नाही, ते हयात नसतील तर नवे घ्यावेत. ज्याला मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये. आपल्याला लागू असलेल्या तरतुदींत तेवढ्याने त्याचे देणे बुडत नाही, पण संशयाला जागा राहते. विहाराच्या कमिटीतला एखादा, गावचा शिक्षक, असे आजोबांपेक्षा वयाने लहान आणि गावात राहणारे लोक घ्यावेत. कारण वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभे राहून सांगावे लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाचे ६७ वे कलम हेच सांगते. नोटरीचा शिक्का दोन साक्षीदारांची जागा घेत नाही, आणि शंभराचा स्टॅम्प पेपरही घेत नाही. मृत्युपत्राला आणि पुरवणीला मुद्रांक लागतच नाही, साधा कागद चालतो.

नोंदणी सक्तीची नाही. नोंदलेल्या मृत्युपत्राची पुरवणी न नोंदताही कायदेशीर असते. तरी मी नोंदवाच म्हणेन. मृत्युपत्र नोंदलेले आणि पुरवणी घरची, असे असले की ज्याचा हिस्सा कमी झाला तो पहिल्यांदा पुरवणीलाच खोटी म्हणतो. आजोबा अंथरुणावर असतील, पुरवणी ज्याच्या फायद्याची त्यानेच टंकलेखक आणला असेल, मुलीला काही न सांगता तिचा हिस्सा उडवला असेल, तर कोर्ट संशयाने पाहते. असा संशय फेडण्याची जबाबदारी पुरवणी पुढे करणाऱ्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच सांगून ठेवले आहे. हिंदू कोड बिल रखडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. त्या बिलात मुलींच्या वारसाहक्काची तरतूद होती. तेव्हा आपल्या घरांत पुरवणीचा उपयोग लेकीचे नाव गुपचूप गाळण्यासाठी होऊ लागला तर काय म्हणावे! आजारपणात बदल करायचाच असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांचा शुद्धीचा दाखला घ्यावा आणि बदलाचे कारण एका ओळीत पुरवणीतच लिहावे.

बँकेत नॉमिनी बदलला म्हणजे मृत्युपत्र बदलले, असेही कुणी समजू नये. नॉमिनी पैसे उचलतो, मालक होतोच असे नाही. ठेव कुणाची हे मृत्युपत्र आणि पुरवणी ठरवतात.

राहिली गोष्ट पुरवणी मागे घेण्याची. आजोबांचे मन पुन्हा बदलले आणि त्यांनी पुरवणी फाडून टाकली, तर पुरवणी रद्द होते. पण तिने रद्द केलेली मूळ ओळ फाडण्याने आपोआप जिवंत होत नाही. थोरल्या मुलाच्या नावची ओळ परत आणायची तर तसा हेतू दाखवणारी नवी पुरवणी साक्षीदारांसह करावी लागते, किंवा मृत्युपत्र पुन्हा करावे लागते. म्हणून रागाच्या भरात कागद फाडू नये.

मृत्युपत्र आणि पुरवणी एकाच पाकिटात ठेवावे, आणि पाकिटावर "मृत्युपत्र व पहिली पुरवणी, एकूण दोन कागद" असे लिहावे. नोंदलेल्या मृत्युपत्राची नक्कल आजोबा हयात असेपर्यंत त्यांना किंवा त्यांच्या मुखत्यारालाच मिळते, घरच्या कुणालाही नाही. त्यांच्या पश्चात मात्र अर्ज करणाऱ्या कुणालाही ती रजिस्ट्री ऑफिसातून मिळू शकते. सुनेने मृत्युपत्राचा आणि पुरवणीचा, दोन्हींचे अनुक्रमांक आपल्या वहीत लिहून ठेवावेत. पेटीतला कागद कुणी गायब केला तरी त्या दोन आकड्यांवर तिला नक्कल काढता येईल.